मधला गणपती निर्दोष आहे

लग्नपत्रिकेवर क्यूआर कोड छापायची पद्धत सुरू झाली तेव्हा 'कार्यालय नक्की कुठे आहे हो?' हा महाराष्ट्राचा सनातन प्रश्न आता निकालात निघणार, असं वाटलं होतं. तो निघाला नाही, नुसता लांबला. आता पाहुणे म्हणतात, 'पत्रिकेवरचा तो चौकोन काही लागेना. कार्यालय नक्की कुठे आहे हो?' तोवर पत्रिका छापून झालेल्या असतात, पहिली कुलदैवतापुढे ठेवून झालेली असते, कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लागलेली असतात आणि अर्ध्याअधिक वाटपही उरकलेलं असतं. मग घरात चौकशी समिती बसते. तिचं कामकाज फार लांबत नाही, कारण आरोपी समोरच असतो: कोडच्या मधोमध, सोनेरी रंगात, मांडी घालून बसलेला गणपती. 'मी तेव्हाच म्हणत होतो, त्यात देवबिव घालू नका,' असं एक काका म्हणतात. (काका तेव्हा काहीही म्हणाले नव्हते.) डिझाईन करून देणारा भाचा खाली मान घालतो आणि निकाल लागतो.

त्या निकालावर हे अपील आहे. माझं म्हणणं असं की मधला गणपती बहुतेक वेळा निर्दोष असतो. कोडच्या मधोमध चित्र सामावून घेण्याइतकी सवलत गणितातच आहे, ती किती आहे हे मोजता येतं, आणि तेवढ्यात बसलेला गणपती कोणाचीही वाट अडवत नाही. खरे गुन्हेगार आजूबाजूला साळसूद चेहऱ्याने उभे असतात. तिन्ही कोपऱ्यांत बसवलेले कलश, कडेला थेट भिडवलेली वेलबुट्टी आणि 'जरा रिच वाटलं पाहिजे' म्हणून मारलेलं सोनेरी फॉइल. यांच्यावर संशय येत नाही, कारण ते कोड झाकत नाहीत. झाकणं हा एकमेव गुन्हा आहे अशी समितीची समजूत असते.

ही सवलत कुठून आली ते आधी पाहू. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. डेन्सो मोटारींचे भाग बनवते, आणि तो कोड त्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी होता. कारखान्यात खोक्यावरच्या चिठ्ठीला तेलाचे हात लागतात, ओरखडे पडतात, एखादा कोपरा फाटतो. तरीही ती वाचता आली पाहिजे, म्हणून कोडमध्ये मूळ मजकुराबरोबर तपासणीचा जादा मजकूर घातला जातो. काही भाग बिघडला तर उरलेल्यावरून गणिताने तो परत उभा करता येतो. याच्या चार पातळ्या आहेत: एल, एम, क्यू आणि एच. त्यांत अनुक्रमे साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के बिघाड सोसतो. ही तरतूद डागांसाठी होती, दागिन्यांसाठी नव्हती. दोनशे पानांच्या स्वयंपाकात जाणता आचारी पन्नास पानं जादा धरतो, ती आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी. त्यातली चाळीस तुम्ही आधीच व्याह्यांच्या मित्रमंडळाला देऊन टाकलीत, तर पंगतीत भात कमी पडल्याचा दोष आचाऱ्याला देता येत नाही. कोडच्या मध्यावर लोगो ठेवणं म्हणजे ही जादा पानं आपणच आधी वाटणं. वाटायला हरकत नाही, किती वाटली हे माहीत असलं म्हणजे झालं.

तर मोजू. कार्यालयाचा नकाशा उघडणारा पत्ता घ्या. `https://maps.app.goo.gl/` ही झाली २४ अक्षरं आणि पुढे १७ अक्षरांचा गिचमिड तुकडा, एकूण ४१. एम पातळीवर हा पत्ता २९ बाय २९ घरांच्या कोडमध्ये मावतो. तिथे ४२ अक्षरांची जागा असते, म्हणजे अगदी अंग चोरून. मधे गणपती बसवायचा म्हणून एच पातळी घेतली की तपासणीचा मजकूर वाढतो आणि कोड ३७ बाय ३७ घरांचा होतो. तिथे मर्यादा ४४ अक्षरांची. आता गंमत पाहा. फोनवरून शेअर केलेल्या अशा पत्त्याला पुष्कळदा `?g_st=iw` अशी आठ अक्षरांची शेपटी लागून येते. ती तशीच चिकटवली की ४९ अक्षरं होतात आणि कोड ४१ बाय ४१ वर जातो. शेपटी छाटली तरी नकाशा त्याच कार्यालयावर उघडतो, तिचा उपयोग पत्ता कुठून शेअर झाला याची नोंद ठेवण्यापुरता. पत्रिकेवर कोडला २ सेंटिमीटर जागा दिली असेल, तर २९ घरांच्या कोडमध्ये एक घर जवळपास ०.७ मिलिमीटरचं होतं, ३७ मध्ये ०.५४ चं आणि ४१ मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून लहान. म्हणजे 'सेफ साईड म्हणून एच घ्या' हा सल्लाही फुकट नाही. त्याची किंमत घराच्या आकारात मोजावी लागते. गणपती नसेल तर एम पुरते. गणपती हवा असेल तर एच घ्या आणि शेपटी छाटा. वाचवलेल्या आठ अक्षरांचं मोल त्या जागी उत्तम गणपतीपेक्षा जास्त आहे.

३७ बाय ३७ म्हणजे १,३६९ घरं. त्यातली २९० घरं कोडच्या रचनेची, म्हणजे कोपऱ्यातले मोठे चौकोन आणि तत्सम खुणा. उरलेली घरं आठ-आठच्या गटांनी वापरली जातात, असे १३४ गट होतात (सात घरं शिल्लक राहतात, त्यांना काही काम नसतं. प्रत्येक लग्नात असतात तशी). एच पातळीवर या १३४ पैकी फक्त ४६ गटांत पत्ता असतो आणि ८८ गटांत तपासणी. मग ८८ गट बिघडले तरी चालावं? नाही. चूक कुठे झाली हे स्कॅनरला कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे प्रत्येक बिघडलेल्या गटामागे तपासणीचे दोन गट खर्ची पडतात. ढोबळ मानाने, एक चूक शोधायला आणि एक ती दुरुस्त करायला. म्हणून खरी मर्यादा ४४ गटांची. गणपतीची जागा आपल्याला माहीत असते, पण स्कॅनरच्या लेखी तो देव नाही, डाग आहे.

इथेच त्या प्रसिद्ध '३० टक्क्यां'चा घोटाळा होतो. '३० टक्के झाकलं तरी चालतं' हे वाक्य छापखान्यापासून जाहिरात कंपन्यांपर्यंत सगळे श्रद्धेने म्हणतात आणि मग चित्राच्या क्षेत्रफळाचे ३० टक्के मोजतात. ते टक्के गटांचे आहेत, क्षेत्रफळाचे नाहीत. आपल्या कोडवर १९ बाय १९ घरांचा गणपती बसवून पाहा. त्याने ३६१ घरं झाकली, म्हणजे क्षेत्रफळाचे २६ टक्के. तीसच्या आत आहे, सगळे खूष. पण ३६१ ला आठने भागा. कितीही नीटनेटकेपणाने झाकलं तरी ४५ गट गेले, आणि मर्यादा ४४ ची होती. प्रत्यक्षात झाकण नीटनेटकं नसतंच. गट साधारण दोन घरं रुंद आणि चार घरं उंच असे रचलेले असतात, आणि गणपतीच्या कडेला येणाऱ्या गटाची दोनच घरं झाकली गेली तरी तो आख्खा गट बाद होऊ शकतो. आठातलं एक घर चुकलं काय आणि आठही चुकली काय, हिशेबात गट एकच. त्यामुळे १९ घरांचा गणपती पन्नासाच्या वर गटांना हात लावतो. शिवाय हे १३४ गट आळीपाळीने चार खात्यांत वाटलेले असतात आणि प्रत्येक खात्याला ११ चुकांची मुभा असते. एका खात्यात बारावी चूक झाली तर शेजारच्या खात्यातली शिल्लक कामी येत नाही. आळीपाळीच्या वाटणीमुळे मधला डाग चौघांवर बराचसा सारखा पडतो, ही त्यातल्या त्यात मेहेरबानी.

आता तोच गणपती ११ बाय ११ घरांचा करा. रुंदीच्या साधारण तीस टक्के, म्हणजे दोन सेंटिमीटरच्या कोडमध्ये सहा मिलिमीटर. सोंड, मोदक आणि कान ओळखू येण्याइतका. तो सुमारे २१ गटांना हात लावतो. चव्वेचाळीसातले एकवीस गेले, तेवीस हाताशी उरले. त्या तेवीसात शाईचा फराटा, पत्रिकेची घडी आणि कार्यालयाच्या दारातला अंधार सगळं निभावतं. ९ बाय ९ चा ठेवलात तर खर्च पंधरा-सोळा गटांचा, म्हणजे तिजोरीचा एक तृतीयांश. १३ बाय १३ ला तो तीसच्या जवळ जातो, तिथे मी थांबेन. हे माझं भित्रेपण समजू नका. `qr-code-styling` नावाची एक लोकप्रिय लायब्ररी आहे, सजवलेले कोड बनवणाऱ्यांना परिचयाची. तिच्यात चित्राच्या आकाराचा `imageSize` हा आकडा आपण काही सांगितलं नाही तर ०.४ असतो, आणि तो पातळीच्या टक्क्यांना गुणला जातो. एचचे ३० टक्के गुणिले ०.४, म्हणजे क्षेत्रफळाचे १२ टक्के. आपल्या कोडमध्ये फार तर १६४ घरं. ज्याने ते लिहिलं त्याला डाग आणि दागिना यांतला फरक कळत होता. पुढे कोणीतरी तो आकडा १ वर नेतो, कारण मुलीकडच्यांनी सांगितलेलं असतं, 'गणपती थोडा मोठा करा की हो.'

एक समजूत जाता जाता मोडायला हवी. गणपतीच्या खालची घरं पुसून पांढरी केली म्हणजे जागा 'मोकळी' झाली आणि खर्च वाचला, असं अनेकांना वाटतं. अनेक साधनांत तशी सोय असते आणि दिसायला ती छान दिसते, गणपतीच्या पोटातून काळे ठिपके डोकावत नाहीत. पण स्कॅनरला मोकळं घर नावाचा प्रकार माहीत नाही. त्याच्या लेखी घर काळं असतं किंवा पांढरं. पुसलेलं घर तो पांढरं म्हणून वाचतो आणि निम्म्या वेळा चुकतो. गणपतीभोवती 'श्वास घ्यायला' सोडलेली पांढरी किनारही या हिशेबात गणपतीतच धरायची. अकरा घरांचा गणपती आणि दोन्ही बाजूंना एकेक घर किनार म्हणजे तेरा घरांचा गणपती.

आणखी एक मर्यादा कमी लोकांना ठाऊक असते. ४१ बाय ४१ पर्यंतच्या कोडच्या मध्यावर निव्वळ मजकूर असतो. ४५ बाय ४५ पासून पुढच्या काही आकारांत बरोबर मधोमध रचनेची एक छोटी खूण येते, चौकोनात चौकोन अशी, वाकड्या कागदावर कोड सरळ करून वाचण्यासाठी. लांबलचक पत्त्यामुळे कोड तिथवर फुगला तर गणपती थेट त्या खुणेवर बसतो. बहुतेक स्कॅनर निभावून नेतात, पण न निभावणाऱ्याला दोष देता येणार नाही.

आता खऱ्या गुन्हेगारांकडे येऊ. आतापर्यंत जो खर्च मोजला तो विम्यातला होता: मजकूर झाकला, भरपाई मिळाली. पण कोडचा काही भाग मुळात विम्याखाली येतच नाही. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन, ज्यांना या धंद्यात डोळे म्हणतात, ते त्यातले पहिले. स्कॅनर कोड वाचण्याआधी कोड शोधतो, आणि तो शोधतो डोळ्यांवरून. डोळ्याच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढली तर काळं, पांढरं, काळं, पांढरं, काळं यांची लांबी १:१:३:१:१ अशी यावी लागते. हे प्रमाण हवेतून काढलेलं नाही. हारांच्या मंडळींनी छापील कागदांचा ढीग उपसून, इतरत्र जवळपास सापडत नाही असं प्रमाण शोधून काढलं, म्हणजे शेजारच्या जाहिरातीलाच स्कॅनर कोड समजून बसणार नाही. डोळा सापडलाच नाही तर तपासणीचे ८८ गट हातात असून उपयोग शून्य, कारण ते वाचायला कोणी येतच नाही. म्हणून गोल डोळा चालतो: मध्यातून जाणारी रेघ तिथेही तेच प्रमाण देते. कोपरे थोडे गोलावलेला डोळाही चालतो. पण बाहेरची चौकट तशीच ठेवून आतल्या भरीव चौकोनाच्या जागी कलश ठेवला, की एका दिशेने तीन घरं काळी सापडतात आणि दुसऱ्या दिशेने दीड. स्वस्तिक ठेवलं तर रेघ कुठून गेली यावर निकाल. आणि डोळ्यांच्या अंगाला लागूनच पंधरा घरांची एक पट्टी असते, जिच्यात 'हा कोड कोणत्या पातळीचा आणि कसा उलगडायचा' ते लिहिलेलं असतं. तिच्या दोन प्रती असतात आणि तिच्यात थोडीफार दुरुस्ती होते, पण कलशाची पानं फुलून तिच्यावर आली तर सुरुवातच बिघडते. गणपती लहान करून काका इथे कोड वाचवू पाहतात. कितीही लहान केला, अगदी काढून टाकला, तरी फरक पडत नाही.

दुसरा साळसूद म्हणजे काठ. कोडच्या चारही बाजूंना चार घरांएवढी कोरी जागा लागते, म्हणजे आपल्या उदाहरणात दोन मिलिमीटरहून थोडी जास्त. एवढीशी जागा रिकामी पाहून पत्रिकेच्या डिझायनरला राहवत नाही. तिथे मोत्यांची लड येते, पैठणीचा काठ येतो, 'लोकेशनसाठी स्कॅन करा' हे वाक्य फुलांसकट येतं. रिकामी जागा ही आपल्याकडे अजून कोणी न भरलेली जागा असते. पण स्कॅनरला त्या कोऱ्या पट्टीवरून कोड कुठे संपला ते कळतं. डोळ्याला चिकटून मोत्यांची लड आली की बाहेरचं काळं एक घर उरत नाही, दोन-अडीच घरांचं होतं, आणि १:१:३:१:१ मोडतं. वेलबुट्टी हवी असेल तर खुशाल घाला, चार घरं सोडून. तेवढ्याने पत्रिकेची इभ्रत जात नाही.

तिसरा आरोपी रंग, आणि इथे एक सांस्कृतिक निकालही लागतो: पांढऱ्यावर कुंकू चालतं, हळद चालत नाही. फोन कोड वाचताना आधी रंग टाकून देतो आणि नुसता उजेड-अंधार पाहतो. पूर्ण पांढरं २५५ आणि पूर्ण काळं ० धरलं, तर लालभडक कुंकवाचा उजेड साधारण ७६ येतो. पांढऱ्यापासून चांगला लांब. हळदीचा पिवळा दोनशेच्या आसपास येतो. आपल्याला तो झगझगीत दिसतो, पण फोनला तो मळक्या पांढऱ्यासारखा. म्हणून पिवळ्या ठिपक्यांचा कोड स्कॅनरपुढे जवळपास कोरा कागद असतो. याच कारणाने पत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेलं हळदीचं बोट चुकून कोडवर पडलं तरी फारसं बिघडत नाही (काळी घरं हळदीखालीही काळीच राहतात), आणि कुंकवाचं बोट मात्र पांढरी घरं काळी करून जातं. तेवढं विम्यातून निघतं.

सोनेरीची गोष्ट वेगळी. मरून कागदावर सोनेरी कोड, ही सध्याची उंची आवड. उजेडाचं अंतर तिथे पुरेसं आहे, सोनेरी १७० च्या पुढे आणि मरून ४० च्या खाली. पण ते उलटं आहे: ठिपके उजळ आणि जमीन गडद. असा उलटा कोड मानकात बसतो, पुष्कळ नवे फोन वाचतात आणि काही स्कॅनर ढुंकूनही पाहत नाहीत. त्यावर फॉइल आलं की उरलंसुरलं संपतं. फॉइलला स्वतःचा रंग नसतो म्हटलं तरी चालेल, समोर जे असेल ते ते दाखवतं. दिव्याखाली धरलं तर लखलखतं, फोनची सावली पडली तर काळवंडतं, आणि पत्रिका जराशी वाकली की अर्धा कोड लखलखीत, अर्धा काळा. पाहुणा बिचारा पत्रिका आरतीच्या ताटासारखी ओवाळत राहतो. फॉइल नावांना मारा, गणपतीला मारा, मोत्यांच्या लडीला मारा. कोडच्या ठिपक्यांना साधी गडद शाई आणि त्यांच्यामागे उजळ जमीन एवढं द्या.

ठिपक्यांच्या आकाराबद्दल थोडक्यात, कारण तिथे भीतीच जास्त आहे. चौकोनी घराऐवजी गोल ठिपका चालतो, स्कॅनर घराच्या मध्यावर काय आहे ते पाहतो. मात्र ठिपका बारीक करत गेलं की पंचाईत होते. घराच्या साठ टक्के व्यासाचा गोल त्या घराचा फक्त २८ टक्के भाग भरतो. कॅमेरा नेमका स्थिर असेल तर ठीक, हात जरा हलला की काळं-पांढरं मिसळून ते घर फिकट करडं दिसतं आणि पांढऱ्यात मोजलं जातं. गोल ठिपके एकमेकांना टेकतील इतके मोठे ठेवले की हा प्रश्न उरत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: 'पण माझ्या फोनवर तर लगेच लागतो!' लागतो, खरंच लागतो. आणि त्यावरून फार काही सिद्ध होत नाही. या दुरुस्तीचा स्वभाव असा की एकेका खात्यात अकरापर्यंत चुका असल्या तरी पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर येतो आणि कुठल्याही एका खात्यात बारावी झाली की काहीच येत नाही. अर्धवट पत्ता, पुसट पत्ता, 'कार्यालय साधारण इकडे आहे' असं काही मिळत नाही. म्हणजे काठोकाठ भरलेला कोड आणि भरपूर शिल्लक असलेला कोड भाच्याच्या झळझळीत स्क्रीनवर अगदी सारखेच वागतात. स्क्रीनवर कागदाचा वाक नाही, शाईचा फुगवटा नाही, फॉइलची चमक नाही, वरून फोन नवा आणि हात तरुण. दोन्हींतला फरक कळतो तो कार्यालयाबाहेर, संध्याकाळी सातला, गाडी चुकीच्या गल्लीत लावल्यावर.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मग सजवायचंच कशाला? साधा काळा-पांढरा कोड छापा आणि मोकळे व्हा. मला हे पटत नाही. साधा कोड पत्रिकेवर किराण्याच्या पुड्यावरून कापून चिकटवल्यासारखा दिसतो हे खरं आहे, आणि मधल्या चित्राचा उपयोगही आहे. दुकानातल्या पैसे भरायच्या स्टिकरवर मधोमध ॲपचं छोटं चिन्ह असतं, त्यावरून हा कोड कशाचा आहे ते स्कॅन करण्याआधी कळतं. त्या चिन्हांचा आकारही पाहून ठेवण्यासारखा आहे, ज्यांचा धंदा स्कॅन होण्यावर चालतो ते चिन्ह लहान ठेवतात. खुद्द डेन्सोच्या मंडळींनाही मधे मोठं चित्र हवं असं वाटलं, तेव्हा त्यांनी तपासणीच्या तिजोरीत हात घातला नाही. मधे चित्रासाठी जागा राखलेला फ्रेम क्यूआर नावाचा वेगळाच कोड काढला, आणि तो वाचायला वेगळं ॲप लागतं. नेहमीच्या कोडमध्ये सजावटीला जागा आहे, पण ती मजकुराच्या भागात, मोजून. रचनेच्या भागात नाही.

तेव्हा प्रूफ पास करण्याआधी एवढं करा. स्क्रीनवरचा कोड विसरा आणि छापखान्यातून खऱ्या कागदावर, खऱ्या मापात, खऱ्या शाईत एक प्रत मागवा. ती घरातल्या सगळ्यात जुन्या फोनने, दिवेलागणीच्या उजेडात, पत्रिका हातात धरून वाचा. लगेच लागला तर पुढची परीक्षा: कागदाचा एक छोटा पांढरा कपटा घ्या, पाचेक घरांच्या रुंदीचा, आणि डोळे सोडून कोडवर कुठेही ठेवा. तरीही लागला तर हाताशी शिल्लक आहे. फोन घुटमळत असेल, पुढे-मागे करायला लावत असेल, तर तिजोरी तळाला गेली आहे. अशा वेळी आधी कडेची जागा मोकळी करा, मग डोळे साधे करा, मग फॉइल उतरवा, आणि गणपतीला हात सगळ्यात शेवटी लावा. आणि कोडच्या खाली कार्यालयाचं नाव आणि रस्ता साध्या अक्षरांत छापा. काकांना ते कोणत्याही उजेडात वाचता येतं.